टेबल फॅन, ४०० मिमी पाते, ३ वेग, मान फिरणारा

पात्यांचा व्यास ४०० मिमी, म्हणजे साधारण १६ इंच. तीन प्लास्टिकची पाती, ५५ वॅटची मोटर, तांब्याचं वाइंडिंग. पूर्ण वेगात १३०० फेरे प्रति मिनिट.

वेग तीन, बटणं पुढच्या बाजूला. पहिला वेग झोपताना, दुसरा दिवसभर. तिसरा खरंच जोराचा आहे. टेबलावरचे कागद उडतील, वजन ठेवा.

आवाज एक मीटरवरून मोजलेला: पहिल्या वेगाला ४२ डेसिबल, तिसऱ्याला ५८. पहिल्यावर शांत झोप लागते. तिसऱ्यावर मात्र टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, हे आधीच सांगतो.

खोली १०० ते १५० चौरस फूट असेल तर एकटा पुरतो. त्याहून मोठ्या हॉलमध्ये समोर बसणाऱ्यालाच वारा लागेल. हा पंखा हवा थंड करत नाही, फक्त खेळवतो. त्यामुळे संध्याकाळी बाहेर गारवा आला की खिडकीजवळ ठेवून तोंड आत करा, फरक जाणवेल.

मान डावी-उजवी ८० अंश फिरते, वर-खाली हाताने वाकवता येते. जाळी क्लिपची, पुसायला सहज निघते. आधी प्लग काढा. वायर दीड मीटर. मोटरवर २ वर्षांची वॉरंटी, पाती-जाळीवर नाही.