नवीन फोनवर जुने चॅट आलेच नाहीत, बॅकअप अर्ध्यात अडकला

नमस्कार सपोर्ट टीम,

रविवारी नवीन फोन घेतला, दोन्ही अँड्रॉइडच आहेत आणि नंबरही तोच. नंबर व्हेरिफाय केल्यावर तुमच्या ॲपने बॅकअप सापडला म्हणून दाखवलं, तारीख आदल्या रात्रीची, साइज १.८ जीबी. मी रिस्टोअर दाबलं, ते ३७ टक्क्यांवर जाऊन दोन तास तिथंच थांबलं आणि मग ॲप आपोआप बंद झालं. परत उघडलं तर सरळ रिकामी स्क्रीन. ग्रुपची नावं दिसतात पण आत एकही जुना मेसेज नाही आणि बाकीचे चॅट तर गायबच.

मी इचलकरंजीला घरी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईकं मापं चॅटवरच पाठवतात, छाती ३६, बाही १०, मागचा गळा ८ आणि खाली डिझाईनचा फोटो, आणि मी वहीत काही उतरवत नाही कारण आजवर गरजच पडली नव्हती. आत्ता लग्नसराईचे १४ ब्लाऊज कापायचे राहिलेत, त्यातल्या एका नवरीचं लग्न पुढच्या गुरुवारी आहे आणि तिचं माप परत मागायला मला लाज वाटतेय.

काय काय केलंय ते सांगते, म्हणजे परत तेच करायला सांगू नका. जुन्या फोनवर जो जीमेल होता तोच नव्यावर आहे, दोनदा बघितलं. ड्राइव्हला आणि फोनमध्ये जागा भरपूर आहे. परमिशन सगळ्या दिल्यात, वायफायवर करून बघितलं, मग मोबाईल डेटावर, फोन रिस्टार्ट केला, ॲप अपडेट केलं. ॲप काढून परत टाकलं दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर बॅकअप सापडला नाही असाच मेसेज आला, तेव्हा माझे हातपायच गळाले. भाच्याने जुन्या फोनमधला ॲपचा फोल्डर केबलने इकडे टाकून बघितला, तरी काही नाही. शेवटी कोड इतक्यांदा मागितला की १२ तास थांबा म्हणून आलं, म्हणून आता मी कशालाच हात लावत नाहीये.

नव्या फोनवरचा रात्रीचा आपोआप बॅकअप मी बंद करून ठेवलाय, नाहीतर रिकामाच बॅकअप जुन्यावर बसायचा.

मला एवढंच नीट सांगा. जुना फोन चालू आहे, त्यातलं ॲप काढलेलं नाही, फक्त लॉगआउट झालंय. त्यावर हाच नंबर परत व्हेरिफाय केला तर आतले चॅट तसेच उघडतील का पुसले जातील? उघडणार असतील तर मी तिथून नवा बॅकअप घेईन. तुमच्याकडून लेखी हो आल्याशिवाय मी ते करणार नाही, कारण आता तेवढाच एक फोन उरलाय ज्यात सगळं आहे.

३७ टक्क्यांचा आणि बॅकअप सापडला नाही त्याचा, असे दोन्ही स्क्रीनशॉट जोडलेत. सोमवारी पहिली तक्रार केली तेव्हा ॲप परत टाकून बघा एवढंच ठरलेलं उत्तर आलं होतं. यावेळी प्लीज कुणीतरी माणसाने वाचून उत्तर द्या, आणि गुरुवारच्या आधी द्या.

वैशाली, इचलकरंजी