दहावा फॉर्मा

नवतपा लागून तिसरा दिवस होता. दुपारचे साडेतीन. अशा वेळी नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाचनालयात येतो तो वाचायला नाही, कूलरसमोर बसायला. दोन पेन्शनर पेपर तोंडावर घेऊन झोपले होते, आणि भाऊराव कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होते, कारण त्याची मोटर फक्त संध्याकाळी चालते. का, ते इलेक्ट्रिशियनलाही सांगता आलेलं नाही.

कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. तिने टेबलावर एक पुस्तक ठेवलं.

"हे परत करायचं आहे. थोडा उशीर झाला."

पुस्तकाला खाकी कव्हर होतं, वर वर्तमानपत्र, त्याच्यावर प्लास्टिक. इतक्या काळजीने आमच्याकडे पुस्तकं परत येत नाहीत. बहुतेकांवर चहाचा गोल डाग असतो, नाहीतर वरणाचा. मी सवयीने दाखल क्रमांक संगणकात टाकला. संगणक म्हणाला, असं पुस्तक नाही. पुन्हा टाकला, तरी नाही. मग शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का 12 मे 1990.

"थोडा?" मी म्हणाले.

"माझं नाही मॅडम. आबांचं आहे. ते बाहेर लिंबाखाली उभे आहेत. आत यायला लाजून राहिले."

दाखल नोंदवही लोखंडी कपाटात तळाशी असते. भाऊरावांनी धूळ झटकून आणून दिली. त्या क्रमांकापुढे लाल शाईने लिहिलं होतं, 'सभासद क्र. 412 कडून गहाळ. निर्लेखित.' आणि खाली त्याच कादंबरीची दुसरी प्रत 1992 साली घेतल्याची नोंद. किंमत 22 रुपये. पुस्तकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कारण पुढे कळेलच.

पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानाला टाचणीने चिठ्ठी लावलेली. अक्षर टपाल खात्यातल्या माणसाचं असावं तसं, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी.

'मा. ग्रंथपाल यांस,

सदर पुस्तक मी 15 दिवसांच्या बोलीवर नेले होते. मी रेल्वे मेलमध्ये सॉर्टर होतो. आईला मोतीबिंदू, त्यामुळे रात्रपाळी नसेल त्या दिवशी मी तिला वाचून दाखवत असे. पान 144 च्या शेवटी आत्याबाई दाराची कडी काढतात आणि पान उलटले तर पुन्हा 129. म्हणजे सोळा पानांचा नववा फॉर्मा दोनदा बांधला गेला आहे आणि दहावा नाही. आई म्हणाली, थांबलास का? कडी काढली, मग? मला पुस्तक अपुरे आहे हे सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून मी न थांबता मनाचेच वाचत गेलो आणि 161 ला जाऊन मिळालो.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, पुन्हा वाच. मी वाचले. ती म्हणाली, मागच्या खेपेला असं नव्हतं ना रे, तू झोपेत वाचून राहिला का? तेव्हा लिहून ठेवणे भाग पडले. नंतर डोळ्याचे ऑपरेशन झाले, पण ऐकण्याची सवय गेली नाही. दर उन्हाळ्यात हे पुस्तक एकदा होतेच. त्यामुळे परत करता आले नाही.

आई या चैत्रात गेली. वय 96.

दुबार आलेला फॉर्मा सोडवून वेगळ्या पाकिटात ठेवला आहे. ती वाचनालयाची वस्तू आहे. त्याच्या जागी माझी पाने शिवली आहेत, नको असल्यास काढावीत. दंडाचे 1,241 रुपये 90 पैसे पाकिटात आहेत. मूळ पाने आपल्याकडे असल्यास त्यांत काय आहे ते मला कृपया कळवू नये.

आपला, सभासद क्र. 412'

मी 144 वर गेले. मागे खरोखरच हाताने लिहिलेली पानं होती. हिशेबाच्या वहीची, निळ्या रेघांची, पुस्तकाच्या मापाने कापलेली, टपालाच्या थैल्या बांधतात तसल्या सुतळीच्या बारीक धाग्याने शिवलेली. वरच्या कोपऱ्यात 145, 146 असे आकडे. छापील ओळ अर्ध्यावर तुटते, 'आत्याबाईंनी दाराची कडी काढली आणि', आणि शाईची ओळ तिथूनच उचलते, 'कंदील खाली ठेवला, कारण वाऱ्याने तो विझला असता.' शेवटच्या दोन पानांवर अक्षर एकदम मोठं नि विरळ झालं होतं. 160 भरायचं होतं ना! आम्ही परीक्षेत पुरवणी भरायचो तसंच.

पण खरी गंमत समासात होती. निरनिराळ्या वर्षांच्या, निरनिराळ्या शायांच्या दुरुस्त्या. 'पेटी एवढी जड तर एकटा चोर उचलेल कसा? आईची हरकत. पुतण्याला सोबत घेतले. 1994.' पुढे, 'आत्याबाई एकादशीला पोहे खाणार नाहीत. भगर केली. 1997.' एका ठिकाणी फौजदाराने आत्याबाईंना अरेतुरे केलं होतं, तो पूर्ण संवाद खोडून नव्याने लिहिला होता आणि बाजूला फक्त 'आई रागावली.' 2008 नंतर दुरुस्त्या नाहीत. मजकूर पक्का झाला असावा.

भाऊराव माझ्या खांद्यावरून वाचत होते. बादली हातातच.

"मॅडम, दंड कसला घेता जी? उलट सोळा पानांचं मानधन द्या त्यांना."

आमच्या नियमावलीत दंड पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. मी 22 रुपयांची पावती फाडली, उरलेले पैसे पाकिटात घातले आणि बाहेर गेले. पायरीवर चपलेतूनही चटका बसत होता. लिंबाच्या सावलीत स्कूटरला टेकून आबा उभे होते. पांढरा सदरा, डोक्याला पंचा, खिशात कांदा. हो, खिशातून दिसत होता. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसं अजून ठेवतात.

मी पाकीट दिलं. नियम सांगितला. त्यांनी पैसे मोजले, मग पावती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बावीस?"

"बावीस."

"म्हणजे चौतीस वर्षं मी या रस्त्याने स्कूटर नेली नाही, ती फुकटच की हो. बडकस चौकात जायचं तर मी गांधीसागरावरून वळसा घालायचो."

मुलगी हसली. मलाही हसू आलं. त्यांना नाही आलं, ते पेट्रोलचा हिशेब करत असावेत.

"पानं काढणार का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दुसरी प्रत आहे तुमच्याकडे?"

"आहे."

त्यांनी मान हलवली. मुलीने किक मारली, ते मागे बसले, पंचा सारखा केला. स्कूटर दहा पावलं गेली आणि थांबली. उतरून पुन्हा माझ्यापर्यंत आले.

"त्याच्यात रामटेक आहे का? एवढंच सांगा."

"मी वाचलेलं नाही ते," मी म्हणाले. तोवर ते खरं होतं.

त्यांच्या पानांत आत्याबाई कडी काढतात, चोराचा चेहरा कंदिलाच्या उजेडात ओळखतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि पहाटे रामटेकच्या गाडीत बसून भावाकडे निघून जातात. चार पानं नुसता तो प्रवास आहे. गाडी कुठे रेंगाळली, शेजारच्या बाईच्या टोपलीत काय होतं, गडाच्या पायऱ्या चढताना माकडाने चणे कसे पळवले. रहस्यकथेत हे कोणी लिहीत नाही आणि खरं सांगायचं तर त्या कादंबरीतलं तेवढंच मला आवडलं. 161 वर पुन्हा छपाई सुरू होते. तिथली पहिलीच ओळ अशी आहे, 'आत्याबाई गेल्यापासून वाडा ओकाओका वाटत होता.'

संध्याकाळी वाचनालय बंद करताना मी दुसरी प्रत घरी आणली. जेवण झाल्यावर गच्चीवर पाणी मारून गादी टाकली आणि 145 उघडलं.

पान 152 वर आत्याबाईंचा खून होतो. उशीने. लेखकाने त्यात काहीही वगळलेलं नाही, पायाची चाळवाचाळवसुद्धा. 153 वर पंचनामा, पुढे अंत्ययात्रा, आणि मग 161, 'आत्याबाई गेल्यापासून वाडा ओकाओका वाटत होता.'

मी ती ओळ दोन्ही प्रतींत दोनदा वाचली. एका अक्षराचा फरक नव्हता. मे 1990 मधल्या त्या रात्री, साठी ओलांडलेली आई समोर आणि हातात अपुरं पुस्तक, त्या माणसाने पुढे जाऊन ही ओळ पाहिली असेल. त्याला कळलं नसेल का? टपालात आयुष्य काढलेला माणूस तो, पत्ता अर्धवट असला तरी पाकीट कुठलं हे ओळखणारा.

दुसऱ्या दिवशी जुन्या दाखल क्रमांकासमोरचं 'निर्लेखित' मी खोडलं, सही केली आणि शेऱ्यात 'परत आले, प्रत पूर्ण' असं लिहिलं. तपासणीला येणारे साहेब विचारतील तेव्हा पाहू. बारकोड चिकटवून पुस्तक रॅकवर ठेवलं. 1992 ची प्रत माझ्या टेबलाच्या खणात राहिली. ती काही हरवलेली नाही, मागितली तर देईन.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या एक जुन्या सभासद, ज्यांना आम्ही सगळे काकूच म्हणतो, ते पुस्तक घेऊन गेल्या. त्या जाड भिंगाचा चष्मा लावून एका दिवसात एक पुस्तक संपवतात आणि दर खेपेला तक्रार करतात. हाताने लिहिलेल्या पानांबद्दल ओरडतील म्हणून मी तयार होते.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली, पुस्तक टेबलावर ठेवलं.

"छापखान्याने शाई वाचवली वाटतं मधेच," त्या म्हणाल्या. "चोर कोण ते मला विसाव्या पानावरच कळलं होतं. ते जाऊ दे. याचा दुसरा भाग आहे का?"

"दुसरा भाग?"

"अगं, म्हातारी रामटेकहून परत येते तो."