पथविक्रेता उपविधींचा मसुदा : नाशिकमध्ये कुणासाठी काय बदलेल

महापालिकेच्या पथविक्रेता उपविधींच्या मसुद्यावर शुक्रवार, १७ जुलै २०२६ पर्यंत हरकती आणि सूचना घेतल्या जात आहेत. मसुद्यासोबत आधी निघालेल्या दोन पानी सारांशात एक वाक्य होते: ‘कलम ९ अन्वये वेळसामायिक पद्धतीने विक्रीस्थळांचे पुनर्निर्धारण.’ याचा अर्थ, तुमची जागा सकाळी तुमची आणि संध्याकाळी दुसऱ्याची होऊ शकते. त्या जागेवर ज्याची गाडी रोज लागते त्याला हे त्या वाक्यावरून कळणार नव्हते. म्हणून नगर पथविक्रेता समितीने सारांश नव्याने लिहिला आहे.

तुम्हाला लागू असलेला भाग शोधून तेवढाच वाचलात तरी चालेल. सिंहस्थाचा भाग मात्र सर्वांनी वाचावा. या कागदात आणि मसुद्यात फरक आढळला तर मसुदा प्रमाण मानावा. जिथे आम्ही आमचे मत मांडले आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

जे बदलणार नाही

पथविक्रेत्यांसाठीचा २०१४ चा केंद्रीय कायदा उपविधींच्या वर आहे. त्याने दिलेले हक्क महापालिका कमी करू शकत नाही. सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. नंतर हलवायचे झाले तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी तुमच्या हातात दिलीच पाहिजे. मागणी केल्यावर भाजी, फळे, फुले असा नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळतो आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत. सोडवणुकीचे शुल्क भरावे लागते, त्यात हा मसुदा बदल करत नाही. मसुद्याने एक चांगली भर घातली आहे: यादी मराठीत, जागेवरच करायची आणि तीत वजनकाटा, छत्री, क्रेट हेही लिहायचे. गाडी परत मिळाली पण काटा मिळाला नाही, अशा तक्रारी समितीकडे नेहमी येतात.

तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि जागा ठरलेली आहे

तुमच्यासाठी दोन बदल मोठे आहेत.

पहिला पैशांचा. रोजच्या पावतीऐवजी महिन्याला ६०० रुपये भरायचे, त्यात जागा आणि साफसफाई दोन्ही आले. महिन्याचे तीसही दिवस बसणाऱ्याला हे दिवसाला २० रुपये पडतात. पावसाळ्यात पंधराच दिवस गाडी लागली तर दिवसाला ४० पडतात. तुमची आजची पावती किती रुपयांची आणि ती महिन्यातून किती वेळा फाडली जाते, याचा गुणाकार करून पाहा आणि तो आकडा आम्हाला लिहून कळवा. समितीचे मत असे की जून ते सप्टेंबर अर्धा दर असावा. तो मसुद्यात यावा असे वाटत असेल तर तुमचा हिशेब हाच आमचा पुरावा.

दुसरा बदल वेळेचा. गर्दीच्या रस्त्यांवर एका जागेवर दोघे: सकाळी ६ ते ११ भाजी-फळे, संध्याकाळी ५ ते १० खाद्यपदार्थ. यात तुमची जागा जात नाही, तुमचे तास कमी होतात. आज दिवसभर बसणारी भाजीवाली अकरानंतर उठेल आणि संध्याकाळी कामावरून परतणारे गिऱ्हाईक तिला मिळणार नाही. भाजीची निम्मी विक्री संध्याकाळीच होते असे तुमचे म्हणणे असेल तर हेच कलम पकडा. दुसरी अडचण हातगाडीची आहे. मसुदा म्हणतो, वेळ संपल्यावर जागा मोकळी करायची. मधल्या सहा तासांत गाडी कुठे ठेवायची, याबद्दल त्यात एक ओळही नाही. ज्यांचे घर सिडकोत आणि धंदा मेन रोडला, त्यांनी गाडी ढकलत नेणे शक्य नाही. विभागवार गाडीतळ असल्याशिवाय हे कलम लागू करू नये, असे समितीचे मत आहे.

वारशाचा नियम तोच राहतो: प्रमाणपत्रधारकाचा मृत्यू झाला तर पती किंवा पत्नी, नाहीतर अवलंबून असलेले मूल प्रमाणपत्राच्या मुदतीपर्यंत धंदा चालवू शकते. नवे इतकेच की अर्ज साठ दिवसांत करायचा. दुःखाच्या काळात ही मुदत सहज उलटून जाते, म्हणून ती आजच घरात सांगून ठेवा. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. मात्र यापुढे भाडेकरू सापडला तर पहिल्याच वेळी रद्द करण्याची नोटीस निघेल.

तुमचे नाव यादीत नाही

मसुदा मंजूर झाल्यावर पंचेचाळीस दिवस नावे नोंदवण्याची मुभा आहे. पुरावा म्हणून जुन्या पावत्या, पीएम स्वनिधीच्या कर्जाचे पत्र किंवा तुमच्या नावाचा दंडाचा कागद चालेल. हो, दंडाची पावतीसुद्धा. ती तुम्ही तिथे बसत होता याचीच साक्ष आहे, फेकू नका. कागद पावसात भिजले, फाटले असतील तर शेजारच्या दोन प्रमाणपत्रधारकांचे सहीचे निवेदन द्यायचे. सही येत नसेल तर अंगठा.

पंचेचाळीस दिवसांत नोंद झाली नाही तर पुढच्या सर्वेक्षणापर्यंत थांबावे लागेल, आणि कायद्यानुसार सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा व्हायचे असते. म्हणजे चुकलेल्या माणसाला पाच वर्षांचाही फटका बसू शकतो. ही मुदत नव्वद दिवसांची हवी असे आम्हाला वाटते. गावी लग्नाला, कापणीला, बाळंतपणाला गेलेली माणसे दीड महिन्यात परत येतातच असे नाही.

तुम्ही बुधवारच्या बाजारात बसता

गोदाकाठचा बुधवारचा बाजार ना-फेरीवाला क्षेत्रात येत नाही, तो आहे तिथेच राहील. आठवडे बाजारासाठी दर बसण्याला २० रुपये, महिन्याचे शुल्क नाही.

प्रश्न शेतकऱ्यांचा आहे. दिंडोरी, निफाड, गिरणारे, मखमलाबाद इकडून जी माणसे स्वतःच्या शेतातली मेथी, टोमॅटो, द्राक्षे घेऊन येतात, त्यांना पथविक्रेता प्रमाणपत्र मिळणे अवघड आहे. त्यासाठी ‘उपजीविकेचे दुसरे साधन नाही’ असे लिहून द्यावे लागते आणि सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस ते खरेपणाने लिहू शकत नाही. म्हणून मसुद्यात शेतकऱ्यांसाठी दिवसाचा परवाना आला आहे: सातबारा किंवा आठ-अ दाखवायचा, सकाळी बाजारातच परवाना घ्यायचा, वर्षात जास्तीत जास्त साठ दिवस.

ही सोय चांगली आहे, पण तिच्यात दोन भोके आहेत. शेत सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर आणि बाजारात बसणारी सून, हे नेहमीचे दृश्य. तिच्याकडे स्वतःचा उतारा नाही. कुळाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्यांचेही तेच. मसुद्यात ‘शेतकरी कुटुंबातील सदस्य’ असे शब्द घालावेत आणि तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला मान्य व्हावा, ही समितीची सूचना. तुमच्या घरी उतारा कुणाच्या नावावर आणि बाजारात कोण बसते, एवढे सांगितलेत तरी आम्हाला मोठी मदत होईल. दुसरी बाजूही ऐकायची आहे: शेतकऱ्याच्या नावाने व्यापारी बसतील अशी भीती कायमच्या भाजीवाल्यांना वाटते. तीही लिहून द्या.

रामकुंड, घाट आणि सिंहस्थ

पूजासाहित्य, फुले, हळदकुंकू, गंगाजलाचे कॅन विकणाऱ्यांसाठी मसुदा घाटाच्या शेवटच्या पायरीपासून १५ मीटरपर्यंत ना-फेरीवाला क्षेत्र ठरवतो. या पट्ट्यातल्या प्रमाणपत्रधारकांना पंचवटी विभागातच जागा द्यायची असे लिहिले आहे. कुठल्या रस्त्यावर, हे लिहिलेले नाही. स्नान करून वर आलेला भाविक ज्या वाटेने देवळांकडे जातो त्या वाटेवर जागा मिळाली तर धंदा टिकेल, दोन गल्ल्या आत मिळाली तर बुडेल. नकाशा जोडल्याशिवाय या कलमावर कुणी संमती देऊ नये, इतके आम्ही स्पष्ट सांगतो.

आता कलम १४. सर्वांनी वाचा. ‘विशेष पर्वकाळात आयुक्त आवश्यक त्या भागातील विक्री तात्पुरती स्थगित अथवा स्थलांतरित करू शकतील.’ सिंहस्थातली प्रमुख स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या दिवसांत घाटावर मोकळी वाट लागते, हे कुणीही नाकारत नाही. २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली आहेत. पण कलमात ‘तात्पुरती’ म्हणजे किती दिवस, ते नाही. कोणता भाग, ते नाही. परत त्याच जागी येण्याची हमी नाही. तीस दिवसांची नोटीस इथेही लागू आहे का, यावर मसुदा गप्प आहे.

समितीची मागणी अशी: स्नानाच्या मुख्य दिवसांभोवतीचे दिवस आधी जाहीर करा, रस्त्यांची नावे द्या, पर्यायी जागा लेखी द्या आणि पर्वकाळ संपल्यावर सात दिवसांत मूळ जागा परत मिळेल असे कलमातच लिहा. बारा वर्षांनी येणारा धंदा तुमच्याच दारात येतो आणि तेव्हाच तुम्हाला उठवले जाते, असे होता कामा नये.

तुम्ही फिरून विकता

महिन्याला २०० रुपये आणि एका जागी जास्तीत जास्त तीस मिनिटे. शाळेच्या फाटकाजवळ शाळा भरताना आणि सुटताना थांबता येणार नाही. तीस मिनिटे कोण मोजणार आणि कशी, हे विचारण्यासारखे आहे.

तुम्ही दुकानदार, रहिवासी किंवा पायी चालणारे आहात

फुटपाथवर चालण्यासाठी दीड मीटर वाट मोकळी राहील आणि बसस्टॉप, दवाखान्याचे दार, अग्निशमनाची वाट इथे कुणीही बसणार नाही. दुकानासमोरची जागा दुकानदाराने विक्रेत्याला भाड्याने दिली तर दंड दुकानदारालाही होईल. हे नवे आहे. तक्रार करताना फोटोसोबत वेळ आणि रस्त्याचे नाव द्यावे लागेल, मोघम तक्रारीवर पथक पाठवले जाणार नाही. तुमच्या रस्त्यावर जागा वाढवायला हरकत असेल तर ती मांडाच, पण भाजी कुठून घेता तेही लिहा. दोन्ही गोष्टी एकाच हातातून आल्या तर निर्णय नीट होतो.

म्हणणे कसे द्यायचे

कलमाचा आकडा आठवत नसेल तरी चालेल. साध्या कागदावर तुमची जागा, काय विकता आणि कोणता बदल तुम्हाला कसा लागतो, एवढे लिहा. लिहिता येत नसेल तर सुनावणीत तोंडी सांगा. कर्मचारी लिहून घेईल, तुम्हाला वाचून दाखवेल आणि शिक्का मारलेली प्रत देईल. प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

कागद शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात किंवा सहापैकी कोणत्याही विभागीय कार्यालयात देता येईल. विभागीय कार्यालयांत ६ ते १० जुलै दरम्यान रोज दुपारी २ ते ४ सुनावणी आहे. सकाळची विक्री आटोपलेली असते आणि संध्याकाळच्या गाड्या लागायच्या असतात, म्हणून ही वेळ ठेवली. बुधवारी, ८ जुलैला बाजार सोडून कुणाला यायला लावणार नाही. त्या दिवशी समितीचे सदस्य सकाळी ९ पासून गोदाकाठच्या बाजारातच टेबल टाकून बसतील. महिलांचे म्हणणे लिहून घ्यायला समितीतल्या महिला विक्रेत्या सदस्य असतील.

आलेल्या प्रत्येक हरकतीवर ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अंशतः मान्य’ असा शेरा आणि त्याचे एका ओळीत कारण लिहून यादी ३१ ऑगस्टपर्यंत सर्व विभागीय कार्यालयांच्या फलकांवर लागेल. यादी विक्रेत्यांच्या नावाने नसेल, प्रतीवरच्या क्रमांकाने असेल. तो क्रमांक जपून ठेवा.