कै. दत्तात्रय कदम यांच्या कर्जखात्यावरील वसुली नोटिशीबाबत

दि. ९ जुलै २०२५

श्रीमती सुनंदा कदम यांस,
सप्रेम नमस्कार.

काल तुमच्या मुलाचा फोन आला. नोटीस वाचल्यापासून तुम्ही जेवला नाहीत, असे तो म्हणाला. फोनवर सगळे नीट सांगता आले नाही, म्हणून व्यवस्थापकसाहेबांना विचारून हे पत्र लिहीत आहे.

आधी चूक आमची, ती सांगतो. दत्ताभाऊ १४ मार्चला गेले. एप्रिलमध्ये तुमच्या मुलाने मृत्यूचा दाखला काउंटरवर दिला होता. तो बचत खात्याच्या फाइलला लागला, पण कर्जखात्यावर त्याची नोंद झालीच नाही. हप्ते नव्वद दिवसांहून जास्त थकले आणि संगणकातून ठरलेल्या नमुन्याची नोटीस निघाली. म्हणून गेलेल्या माणसाच्या नावाने ‘आपण हेतुपुरस्सर टाळाटाळ करीत आहात’ असे वाक्य तुमच्या घरी आले. ते तुम्हाला वाचावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. आज मी कर्जखात्यावर नोंद करून घेतली आहे.

आता रकमेचे. जुलै २०२३ मध्ये दत्ताभाऊंनी ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले, दरमहा हप्ता ९,९६४ रुपये. मार्चपर्यंतचे वीसही हप्ते त्यांनी वेळेवर भरले, एकही चुकवला नाही. राहिलेले मुद्दल १,४६,६४८, चार महिन्यांचे व्याज ५,८६६ आणि दंड १,६०० मिळून नोटिशीतले १,५४,११४ रुपये होतात. दंड माफ करावा, अशी टिपणी मी साहेबांपुढे ठेवली आहे. निर्णय वरून यायचा आहे, त्यामुळे आताच शब्द देत नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘हे आता मी फेडायचे का’ याची. मी मूळ करारनामा काढून पानन्‌पान पाहिला. त्यावर सही एकट्या दत्ताभाऊंची आहे. तुम्ही सहकर्जदार नाही, जामीनदारही नाही, आणि कर्जाला काही तारण नाही. अशा वेळी वारसांची जबाबदारी मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुमची स्वतःची कमाई, तुमचे दागिने, मुलाचा पगार यांवर बँकेचा हक्क नाही. मात्र दत्ताभाऊंच्या नावावर जे आहे त्यातून बँक वसुली मागू शकते. त्यांच्या बचत खात्यात २३,४१० रुपये आहेत आणि ते कर्जात वळते होऊ शकतात. हे तुमच्यापासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दुसरे, आणि हे लवकर करायचे आहे. या कर्जावर वेगळा विमा उतरवलेला नव्हता, मी तपासले. पण त्यांच्या पासबुकात गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता. त्याचे संरक्षण ३१ मेपर्यंत होते, म्हणजे दत्ताभाऊ गेले तेव्हा विमा चालू होता. त्यात २ लाख रुपये मिळतात आणि वारस म्हणून नाव तुमचे लावलेले आहे. दाव्याचा अर्ज अजून कोणी केलेला नाही. चार महिने होत आले, आणखी उशीर नको. रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यावर मागा, दत्ताभाऊंच्या नाही.

येताना मृत्यूचा मूळ दाखला, तुमचे आधार कार्ड, तुमच्या खात्याचे पासबुक आणि ही नोटीस आणा. मुलाला सोबत घ्या. अर्ज मी समोर बसून भरून देतो. नोटिशीचे लेखी उत्तरही त्याच वेळी देऊ, म्हणजे तुमच्याकडे पोच राहील.

तोपर्यंत एवढे सांभाळा. ‘कर्ज मी फेडीन’ अशा मजकुराच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, तो कागद बँकेच्या माणसाने पुढे केला तरी. घरी कोणी वसुलीला आले तर ओळखपत्र मागा, मृत्यूच्या दाखल्याची प्रत दाखवा आणि हातात एक रुपयाही देऊ नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला त्यांना परवानगी नाही. कोणी केला तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

दर महिन्याच्या चार-पाच तारखेला दत्ताभाऊ माझ्याच काउंटरवर येत. हप्ता खात्यातून आपोआप जाणार असला तरी पैसे पुरेसे आहेत ना, हे विचारून जात. त्या माणसाला टाळाटाळ करणारा म्हणणारा कागद माझ्या शाखेतून गेला, हे मला सहन होत नाही. दुरुस्तीचे पत्र साहेबांच्या सहीने तुम्हाला मिळेल, ते मी मागे लागून घेईन.

सोमवारी सकाळी अकराला या. मी तीन नंबरच्या काउंटरवर आहे. रांगेत उभ्या राहू नका, सरळ आत या.

आपला,
विलास जाधव
लिपिक, कर्ज विभाग