उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज

भांडुप (पश्चिम), मुंबई ४०० ०७८
१२ मार्च २०२६

प्रति,
व्यवस्थापक, सॉफ्टवेअर विभाग,
दादर (पश्चिम), मुंबई ४०० ०२८

विषय: जून-जुलैमधील पायथन इंटर्नशिपसाठी अर्ज

माननीय महोदय/महोदया,

पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्थांसाठी मराठीतून चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर आपण तयार करता. त्या कामासाठी दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हवे असल्याची आपली सूचना आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात वाचली. अर्ज मराठीत लिहावा, ही त्यातली अट मला विशेष आवडली. मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेटा स्ट्रक्चर्स शिकून झाले आहे, सध्या डीबीएमएस चालू आहे. अभ्यासक्रमाबाहेर पायथनमध्ये काही छोटे प्रोजेक्ट केले आहेत आणि आपल्या कामाशी त्यांचाच जवळचा संबंध आहे.

पहिला प्रोजेक्ट आईच्या बचत गटासाठी केला. सभासदांची मासिक बचत आणि कर्जाची फेड एक्सेल शीटमधून वाचायची, शिल्लक मुद्दलावर व्याज काढायचे आणि प्रत्येकीची पावती तयार करायची, एवढेच त्याचे काम. खरा विचार करावा लागला तो पूर्णांकाचा. १२२५ रुपये शिल्लक असतील तर महिना २ टक्क्यांनी व्याज साडेचोवीस रुपये होते. पायथनमधले `round(24.5)` त्याचे २४ करते, कारण बरोबर अर्धा उरला की ते जवळच्या सम संख्येकडे वळते. गटाच्या वहीत मात्र अर्ध्या रुपयाला पुढचा रुपया धरतात, म्हणजे २५. दोन्ही पद्धतींना आपापला आधार आहे, पण पैसे गटाचे आणि ठरावही गटाचा, तेव्हा प्रोग्रॅमनेच वहीचे ऐकायला हवे. म्हणून सगळी बेरीज-वजाबाकी `decimal` मध्ये नेली आणि `ROUND_HALF_UP` वापरले. आता वही आणि पावती रुपयाला रुपया जुळतात. खजिनदार काकू तरीही दर महिन्याला दोन्ही ताडून बघतात, आणि ते योग्यच आहे.

दुसरा प्रोजेक्ट आमच्या सोसायटीच्या सभासद यादीचा. नावे अकारविल्हे लावायला `sorted()` दिले की काळे, काशीद, कासार असा क्रम येतो, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्याही पुढे, म्हणून काळे शेवटी यायला हवेत. वर्णांना मराठी क्रमाने अनुक्रमांक देणारे छोटे फंक्शन लिहून तेच `key` म्हणून दिले. क्षीरसागरांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरतोच: वर्णमालेत क्ष शेवटी म्हणतो, पण बऱ्याच कोशांत तो क च्या पोटात सापडतो. सध्या तो पर्याय यादी छापणाऱ्यावर सोडला आहे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये याचा निर्णय कसा घेतला, हे जाणून घ्यायला आवडेल.

याच यादीत शोधताना 'कुऱ्हाडे' हे नाव कधी सापडे, कधी नाही. पडद्यावर सारखेच दिसणारे ऱ्ह वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या प्रकारे साठवले जाते: कुठे ऱ हे स्वतंत्र अक्षर, कुठे र आणि नुक्ता, तर कुठे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. `unicodedata.normalize("NFC", नाव)` पहिल्या दोन्हींना एक करते. तिसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला. पतपेढीत एकाच खातेदाराची दोन खाती दिसण्याचे हेही एक कारण असू शकते, असे मला वाटते.

याशिवाय फोनमधल्या फोटोंना तारखेप्रमाणे नावे देणारी एक स्क्रिप्ट आहे. ती माझ्या सोयीची, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सगळा कोड गिटहबवर आहे, लिंक रेझ्युमेमध्ये दिली आहे.

जँगो किंवा दुसरे कोणतेही वेब फ्रेमवर्क मी अजून वापरलेले नाही. एसक्यूएलमध्ये जॉइनपर्यंतच्या क्वेरी स्वतः लिहिता येतात. सुरुवातीला टेस्टिंग, जुन्या नोंदींची साफसफाई किंवा आयात-निर्यातीच्या स्क्रिप्ट असे काम दिलेत तर पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडेन, असा विश्वास आहे. मोडी किंवा जुन्या फॉन्टमधल्या याद्या युनिकोडमध्ये आणायच्या असतील तर त्यातल्या फॉन्टच्या कामात मला विशेष रस आहे. मोडी मात्र वाचता येत नाही.

परीक्षा मे महिन्यात संपतील. १ जून ते १० जुलै या काळात मी पूर्णवेळ येऊ शकते. भांडुपहून दादरला थेट लोकल असल्याने रोज ऑफिसला येण्याची अडचण नाही. आपल्या सूचनेत विद्यावेतनाचा उल्लेख नव्हता. ते असल्यास कृपया कळवावे. मुलाखतीसाठी शनिवारी कोणत्याही वेळी, इतर दिवशी दुपारी ४ नंतर येता येईल.

रेझ्युमे आणि तिसऱ्या सेमिस्टरची गुणपत्रिका सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
सायली परब
द्वितीय वर्ष, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग