स्वयंपाकघरातील स्वच्छता : भिंतीवर लावायच्या तीन सूचना

हात धुण्याच्या बेसिनजवळ

कामावर आल्यावर, शौचालयातून परतल्यावर, कच्चे मांस, मासे किंवा अंडी हाताळल्यावर, कचरा टाकल्यावर, तसेच नाक, केस किंवा मोबाइलला हात लागल्यावर, अन्नाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुवावेत. अंगठी आणि घड्याळ काढून, हात ओले करून साबण लावावा आणि निदान २० सेकंद तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे व मनगटे चोळावीत. घाईत नेमके अंगठे आणि नखे राहून जातात. वाहत्या पाण्याने धुतलेले हात कागदी रुमालाने कोरडे करावेत आणि नळही त्याच कागदाने बंद करावा. एप्रनला हात पुसू नयेत. तेलकट किंवा मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, म्हणून तो साबणाऐवजी वापरू नये. हातमोजे घालण्यापूर्वीही हात धुवावेत.

चिरण्याच्या टेबलावर

कच्च्या मांसावरचे जंतू नीट शिजवल्यावर मरतात. परंतु त्याच सुरीने, ती नुसती फडक्याने पुसून, काकडी चिरली तर ते जंतू न शिजवता थेट ताटात जातात. यासाठी लाल बोर्ड कच्च्या मांसाला, निळा कच्च्या माशांना, हिरवा सॅलड व फळांना आणि पिवळा शिजवलेल्या मांसाला ठेवला आहे. गर्दीच्या वेळी हाताशी असेल तो बोर्ड ओढून घेण्याची सवय मोडावी. बोर्ड आणि सुरी आधी गरम पाण्याने व साबणाने घासावी, मगच जंतुनाशक लावून त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ राहू द्यावे, कारण खरकट्यावर फवारलेले जंतुनाशक वाया जाते. खोल चरे पडलेला बोर्ड बदलून घ्यावा. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. तिचे शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर आणि टेबलावर उडतात.

फ्रीज व डीप फ्रीजरच्या दारावर

फ्रीज ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि डीप फ्रीजर उणे १८ किंवा त्याखाली राहिला पाहिजे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. थंडीने त्यांची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. लिस्टेरिया तर फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो. सकाळी काम सुरू करताना आणि रात्री बंद करताना आत ठेवलेल्या थर्मामीटरवरील तापमान दाराशेजारच्या तक्त्यात लिहून सही करावी. कच्चे मांस झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात, तर तयार पदार्थ वर ठेवावेत. शिजवलेले अन्न उथळ ट्रेमध्ये काढून पहिल्या २ तासांत ६० वरून २१ अंशांवर व पुढच्या ४ तासांत ५ अंशांवर आणावे. गोठवलेले मांस ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळवावे. तापमान ५ अंशांच्या वर दिसल्यास दार नीट लागले आहे का ते पाहून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे आणि तरीही उतरले नसेल तर माल दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवून मुख्य आचाऱ्यांना कळवावे; तो माल वापरायचा की टाकायचा, हे तेच ठरवतील.