मुक्ताविषयी पालकांचे निवेदन

दिनांक : ९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
ज्ञान प्रबोधिनी प्रशाला,
सदाशिव पेठ, पुणे

विषय : इयत्ता पाचवीच्या प्रवेशासाठी

महोदय/महोदया, सा. न. वि. वि.

माझी मुलगी मुक्ता हडपसरला महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत शिकते. माझी पिठाची गिरणी आहे, तिची आई अंगणवाडी सेविका आहे. मुक्ता शाळेतून थेट गिरणीत येते आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असते. म्हणून जे लिहितो ते डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

गेल्या पावसाळ्यात एका आजींनी तक्रार केली की पीठ कमी भरलं. मी नेहमीचं उत्तर दिलं, "दळताना घट येतेच." आजी गेल्यावर मुक्ताने विचारलं, "घट म्हणजे गेलं कुठे?" मी म्हटलं, थोडं उडतं, थोडं दगडाच्या उष्णतेने सुकतं. तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक दळणाचं आधीचं आणि नंतरचं वजन वहीत लिहू लागली. पाच-सहा दिवसांनी तिने दाखवलं की सकाळच्या पहिल्या दळणाची घट सगळ्यात जास्त असते आणि पुढच्या दळणांची बरीच कमी. कारण तिनेच शोधलं. रात्री मी गिरणी झाडून ठेवतो, त्यामुळे सकाळी पहिलं पीठ आतल्या कोपऱ्यांत आणि कापडी नळीत अडकतं. मग ती चारचौघांसमोर म्हणाली, "बाबा, म्हणजे पहिल्यांचं पीठ दुसऱ्यांच्या डब्यात जातं!" ते खरं होतं. वीस वर्षं गिरणी चालवून मी त्याचा असा विचार केला नव्हता. तेव्हापासून सकाळी आधी घरचे किलोभर गहू दळतो, मग गिऱ्हाइकांचं घेतो.

पण हेही सांगायला हवं की वही अकरा दिवसच चालली. उत्तर मिळालं आणि तिचा रस संपला. ज्वारी-बाजरीचंही असंच होतं का, हे बघायचं तिने ठरवलं होतं, ते राहिलंच. एखादं काम शेवटापर्यंत नेणं तिला अजून जमत नाही. आम्ही मागे लागलो तर करते, पण मग मन नसतं.

अभ्यासात गणित तिला आवडतं. पाढे मात्र बारापर्यंतच पाठ आहेत, पुढचे ती बेरीज करून काढते, त्यामुळे वेळ लागतो. लिहिण्याचा वेग कमी आहे आणि शाळेतले पेपर कधी कधी अर्धवट राहतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होतात. इंग्रजी वाचते, बोलायला कचरते. आमच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. आपल्या परीक्षेसाठी शिकवणी लावलेली नाही.

चूक दाखवली की तिला राग येतो. पूर्वी पान फाडायची, आता उठून जाते आणि थोड्या वेळाने परत येते. वर्गाच्या नाटकात मनासारखं काम मिळालं नाही तेव्हा तिने भागच घेतला नाही. मैत्रिणी दोनच, त्यांच्याशी घट्ट आहे. मोठ्या गटात तिचं कसं होईल, याची आम्हाला काळजी आहे, आणि तिला गटाची गरज आहे असंही आम्हाला वाटतं.

पीठ किती तापतं हे मोजायला तिने घरचा तापमापक न विचारता नेला आणि तो फुटला. दोन दिवस तिने लपवलं. मला काचेचा तुकडा सापडला तेव्हा लगेच कबूल केलं, स्वतःहून सांगितलं नव्हतं. त्यानंतर विचारल्याशिवाय काही नेलेलं नाही.

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात तिला तालुक्याचं बक्षीस मिळालं. ते प्रमाणपत्र अर्जासोबत जोडलेलं नाही, कारण ती प्रतिकृती बरीचशी तिच्या मामाने बनवली होती. त्याऐवजी वजनाच्या वहीची झेरॉक्स जोडली आहे. त्यात खाडाखोड आहे, एका दिवशी बेरीज चुकली आहे. तशीच ठेवली आहे.

मी बारावीपर्यंत शिकलो. तिच्या प्रश्नांना मी आता अंदाजाने उत्तरं देऊ लागलो आहे, आणि तो अंदाज आहे हे तिला कळतं. तिला खरी उत्तरं शोधायला लावणारी माणसं भेटावीत, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. बसने रोज जाण्यायेण्याचा त्रास आम्ही विचारात घेतला आहे. पहिलं वर्षभर तिची आई सकाळी सोबत येईल, परतताना मी आणीन. निवड झाली नाही तर ती आहे त्या शाळेत शिकेल. तिथल्या बाई चांगल्या आहेत. हे मुक्तालाही सांगून ठेवलं आहे.

एक विनंती. नवीन माणसांसमोर ती पहिली काही मिनिटं गप्प असते. मुलाखतीत तेवढा वेळ द्यावा.

आम्ही दोघेही भेटायला येऊ. गुरुवारी गिरणी बंद असते, पण आपण सांगाल त्या दिवशी बंद ठेवीन.

आपला नम्र,
सुनील
(मुक्ताचे वडील)

सोबत : वजनाच्या वहीची प्रत, पाने ६